आधी नुकसान कसलं ते सांग, मग कुलूप निवड

"ताई, मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. एका छोट्या व्यवसायाची माहिती सुरक्षित कशी ठेवाल अशी असाइनमेंट होती, मी परळला माझ्या मावशीची पॅथॉलॉजी लॅब आहे तिच्यावर लिहिलं. अँटीव्हायरस, फायरवॉल, पासवर्ड, एन्क्रिप्शन सगळं लिहिलं तर मॅडमनी चारही शब्दांपुढे लाल पेनाने 'का?' लिहून वही परत दिली, म्हणाल्या सीआयए ट्रायड वापर. कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी, इंटेग्रिटी, अ‍ॅव्हेलेबिलिटी हे मला पाठ आहे, पण त्यावरून कंट्रोल नेमका निवडायचा कसा तेच कळत नाहीये. सोमवारी परत द्यायचीय."
— भांडुपहून एक विद्यार्थिनी

हे बघ, तू लिहिलेले चारही शब्द म्हणजे औषधांची नावं आहेत आणि मॅडम विचारतायत की आजार कुठला. ट्रायड तिथे कामाला येतो. माहितीचं नुकसान तीनच तऱ्हेने होतं: नको त्या माणसाला ती कळली, किंवा ती चुकीची झाली, किंवा हवी तेव्हा मिळाली नाही. पहिलं म्हणजे कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी गेली, दुसरं म्हणजे इंटेग्रिटी, तिसरं अ‍ॅव्हेलेबिलिटी. आणि कंट्रोल म्हणजे यातलं कुठलंतरी नुकसान कमी करणारी कुठलीही व्यवस्था, मग ते सॉफ्टवेअर असो, कुलूप असो नाहीतर वहीत सही करायची पद्धत असो.

चाळीत आपण घराची एक चावी शेजारच्या काकूंकडे ठेवतो ना, त्याचा विचार कर. स्वतःची चावी हरवली तरी घरात जाता येतं, म्हणजे अ‍ॅव्हेलेबिलिटी वाढली, पण आता घर उघडू शकणारं एक माणूसही वाढलं, म्हणजे कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी तेवढी कमी झाली. काम एकच केलं, एका बाजूला कमावलं आणि दुसऱ्या बाजूला थोडं गमावलं. जवळपास प्रत्येक कंट्रोलचं असं असतं, म्हणून नुसतं 'सगळं लावा' म्हणून भागत नाही, आधी आपल्याला कशाची जास्त भीती आहे ते ठरवायला लागतं.

इंटेग्रिटीचं उदाहरण मुलांना पटकन सुचत नाही म्हणून तेही सांगते. चेकवर रक्कम आकड्यात पण लिहितो आणि अक्षरात पण लिहितो, का? आकड्यात एक शून्य वाढवणं सोपं असतं, 'पाच हजार फक्त' याचं 'पन्नास हजार फक्त' करणं अवघड. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की दोन्हीत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. यात लपवालपवी काही नाही, चेक कोणीही वाचू शकतं, फक्त त्यातली रक्कम बदलली तर कळायला हवं एवढंच बघितलंय. लपवणं आणि बदल पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी असाइनमेंट झाली समज.

आता मावशीच्या लॅबमध्ये ये. 'लॅबची माहिती' असं एकदम धरू नकोस, तिथे वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीला तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. भिंतीवरचं टेस्टचं रेटकार्ड घे. ते फुटलं तर? काही नाही, ते तर भिंतीवरच लावलंय. चुकीचं झालं तर? गिऱ्हाइकाशी वाद, पन्नास-शंभर रुपयांचा. दिवसभर मिळालं नाही तर? मावशीला पाठच असेल. म्हणजे रेटकार्डावर एक रुपया खर्च करायची गरज नाही, आणि हे लिहिणंसुद्धा उत्तराचा भाग आहे बरं का, कुठे कंट्रोल नको ते सांगता आलं तर मॅडमना कळेल की तुला विषय समजलाय.

आता पेशंटचा रिपोर्ट घे, समजा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या टेस्टचा. फुटला तर? सीबीसीचं ठीक आहे पण त्याच कॉम्प्युटरमध्ये एचआयव्हीचे, प्रेग्नन्सीचे रिपोर्ट पण आहेत, तो चुकीच्या माणसाच्या हातात पडला तर कोणाची नोकरी, कोणाचं लग्न मोडू शकतं, आणि एकदा कळलेली गोष्ट परत 'न कळलेली' करता येत नाही. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं तर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. चुकीचा झाला तर? डॉक्टर त्या आकड्यावर औषध देणार, रक्त चढवायचं की नाही ते ठरवणार, म्हणजे थेट जिवाशी गाठ. मिळाला नाही तर? संध्याकाळी सहाऐवजी आठला मिळाला तर पेशंट चिडेल, दुसऱ्या दिवशी मिळाला तर काही जणांचं खरंच अडेल, पण सॅम्पल उरलं असेल तर पुन्हा लावता येतं, फार तर पुन्हा सुई टोचावी लागेल.

म्हणून माझ्या मते या लॅबच्या रिपोर्टसाठी क्रम असा: इंटेग्रिटी सगळ्यात वर, तिला लागूनच कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी, आणि अ‍ॅव्हेलेबिलिटी मध्यम. ही पद्धत मी मनाने काढलेली नाहीये, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००४ मध्ये फिप्स १९९ नावाचं स्टँडर्ड काढलं त्यात हेच आहे, प्रत्येक माहितीला तिन्ही बाबतीत कमी, मध्यम की जास्त असा शिक्का मारायचा, आणि त्या शिक्क्यावरून पुढे कंट्रोल निवडले जातात. क्रम प्रत्येक ठिकाणी बदलतो हे मात्र विसरू नकोस, तीच लॅब एखाद्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जोडलेली असती तर अ‍ॅव्हेलेबिलिटी पण जास्तमध्ये गेली असती.

आता क्रम ठरला तर सुरुवात इंटेग्रिटीपासून, आणि मी इथेच जास्त थांबणार आहे कारण तुझ्या चार शब्दांत नेमकं हेच जवळजवळ नव्हतं.

रिपोर्ट चुकतो कुठे? हॅकरने बदलल्यामुळे फार क्वचित, बहुतेक वेळा माणसाच्या हातून. सकाळी साडेसातची वेळ, उपाशीपोटी आलेली पंधरा माणसं बाकावर, आणि त्यात दोन शिंदे बाई, एक ३४ वर्षांच्या एक ५२ च्या. दोघींच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूब एकाच स्टँडवर. समजा एकीचं हिमोग्लोबिन ९.१ आलं आणि दुसरीचं १३.२, आणि ट्यूबची लेबलं अदलाबदल झाली. आता तू लिहिलेले चारही कंट्रोल चालू आहेत असं धर: पासवर्ड बरोबर आहे, फाइल एन्क्रिप्टेड आहे, अँटीव्हायरस अपडेटेड आहे, फायरवॉल चालू आहे, आणि दोन्ही शिंदे बाईंना चुकीचा रिपोर्ट अगदी सुरक्षितपणे पोचला.

इथे काय लागेल ते पायरीपायरीने बघ. सगळ्यात पहिलं, पेशंट समोर खुर्चीत बसलेला असतानाच ट्यूबवर लेबल लावायचं, आणि नुसतं आडनाव नाही तर पूर्ण नाव आणि नोंदणी नंबर अशा दोन ओळखी तरी हव्यात. बारकोड असेल तर उत्तम, कारण मग मशिन स्वतः नंबर वाचतं. दुसरं, सेल काउंटर म्हणजे रक्तपेशी मोजणारं मशिन केबलने कॉम्प्युटरला जोडता येतं, त्याला लॅबवाले इंटरफेसिंग म्हणतात, त्यामुळे आकडा हाताने टाइप करायचा प्रश्नच राहत नाही. ते नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये रेंज चेक हवा: हिमोग्लोबिनच्या जागी कोणी पॉइंट विसरून १३.२ चं १३२ टाकलं तर ते घेऊच नये. पण लक्षात घे, आपल्या शिंदे बाईंच्या घोळात रेंज चेक काहीच करू शकत नाही, कारण ९.१ पण शक्य आहे आणि १३.२ पण शक्य आहे, दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच वाटतात.

तिथे तिसरी गोष्ट येते, तिला डेल्टा चेक म्हणतात, म्हणजे त्याच पेशंटच्या आधीच्या रिपोर्टशी ताडून बघणं. ५२ वर्षांच्या शिंदे बाईंचं तीन आठवड्यांपूर्वी ९.० होतं आणि आज एकदम १३.२ दिसतंय, मधे रक्त चढवलेलं नाही, तर सॉफ्टवेअरने लाल खूण करावी आणि रिपोर्ट थांबवावा. याचीही मर्यादा आहेच, बाई पहिल्यांदाच आल्या असतील तर ताडायला जुना रिपोर्टच नाही, म्हणून लेबलची पायरी सोडून चालत नाही. आणि शेवटी टेक्निशियनने भरलेलं पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरने बघून मगच रिपोर्ट सुटावा, म्हणजे एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, बँकेत पण मोठी रक्कम अशीच दोन माणसांच्या हाताखालून जाते.

हे झालं चुकून होणाऱ्या बदलाचं. मुद्दाम केलेल्या बदलासाठी प्रत्येकाचा लॉगिन वेगळा हवा. मी बऱ्याच लहान ऑफिसांमध्ये बघितलंय की एकच युजर, एकच पासवर्ड, आणि तो मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. अशा ठिकाणी कुठला आकडा कोणी बदलला ते कधीच कळत नाही. वेगळे लॉगिन असले की सॉफ्टवेअरची नोंद सांगते की अमुक नंबरच्या रिपोर्टमध्ये ४ वाजून १० मिनिटांनी अमक्याने ९.१ चं १०.१ केलं. ही नोंद बदल थांबवत नाही, पण नंतर पकडून देते, आणि पकडलं जाणार हे माहीत असलं की माणूस मुळात हात घालत नाही. मात्र नोंद पुसायचा अधिकार त्याच माणसांकडे असेल तर तिचा उपयोग शून्य.

पासवर्ड आपण एरवी गुप्ततेसाठी म्हणून लिहितो ना, इथे तो इंटेग्रिटीसाठी आलाय बघ. कंट्रोल तोच, 'का' वेगळा.

हॅशबद्दल पण तुम्हाला शिकवतीलच, हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा बोटाचा ठसाच, तो इथेच बसतो. घरी विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून एखाद्या पीडीएफवर हे करून बघ:

```
certutil -hashfile report.pdf SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येईल, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून. आता एखाद्या साध्या टेक्स्ट फाइलवर तेच कर, मग फाइलमधलं एकच अक्षर बदलून सेव्ह कर आणि परत चालव, अख्खी ओळ वेगळीच येईल. म्हणजे फाइल बदलली की कळतं. पण हॅश फाइलशेजारीच ठेवलास तर फाइल बदलणारा हॅशपण नवीन काढून ठेवेल, म्हणून तो वेगळ्या जागी ठेवावा लागतो किंवा डिजिटल सही वापरावी लागते. आणि आपल्या शिंदे बाईंचा रिपोर्ट मुळातच चुकीचा बनला असेल तर हॅश त्या चुकीच्या रिपोर्टचंच रक्षण करणार, आत काय लिहिलंय ते खरं की खोटं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी. लॅबमधून रिपोर्ट फुटायचे रस्ते बघितलेस तर पहिला रस्ता काउंटरवरचाच असतो, स्क्रीन बाकाकडे तोंड करून, मागे उभा असलेला प्रत्येक जण वाचू शकतो. मॉनिटर फिरवायला पैसे लागत नाहीत, हा कंट्रोल आधी लिही. दुसरा रस्ता म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीच्या नंबरला गेलेली पीडीएफ. त्यासाठी लॅबवाले पीडीएफला पासवर्ड लावतात आणि तो बहुतेक वेळा पेशंटच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे असतो. हा कंट्रोल चांगला की वाईट?

इथे जरा नीट विचार कर कारण मला वाटतं संपूर्ण विषयातली हीच मजेची जागा आहे. एटीएमचा पिनसुद्धा चारच आकड्यांचा असतो आणि तो पुरतो. चार आकड्यांचे प्रकार होतात १०,०००, पण एटीएमवर साधारण तीन वेळा चुकलं की बँक कार्ड बंद करते, म्हणजे चोराला दहा हजारातल्या तीनच संधी मिळतात. पीडीएफ मात्र समोरच्याच्या फोनमध्ये पडलेली असते, तिथे मोजणारं कोणी नाही, छोटासा प्रोग्रॅम बसवला की दहाच्या दहा हजार आकडे तो काही वेळात तपासून टाकतो. चार आकडे दोन्हीकडे तेच, पण एकीकडे मागे पहारेकरी आहे आणि दुसरीकडे नाहीये.

मग पीडीएफचा पासवर्ड बिनकामाचा का? नाही. चुकून ज्याला रिपोर्ट गेला तो सहसा कोणी हॅकर नसतो, उघडत नाहीये म्हणून तो डिलीट करेल, तेवढ्या चुकीसाठी हा कंट्रोल पुरेसा आहे. पण एचआयव्हीच्या रिपोर्टमागे मुद्दाम लागलेला नातेवाईक असेल तर तो पुरत नाही, आणि अशा नातेवाइकाला पेशंटचा मोबाइल नंबर तर पाठच असतो! त्या रिपोर्टसाठी मी म्हणेन की व्हॉट्सअ‍ॅप नकोच, पेशंटने स्वतः येऊन ओळख दाखवून पाकीट घ्यावं. जुनी पद्धत आहे पण त्या एका रिपोर्टसाठी तीच बरोबर. 'पासवर्ड लावा' लिहिण्याऐवजी कोणापासून वाचवायचंय ते लिहिलंस की कंट्रोल किती मजबूत हवा ते आपोआप ठरतं.

अ‍ॅव्हेलेबिलिटी क्रमात मध्यम आली म्हणून सोडायची नाहीये, फक्त तिथे किती खर्च करायचा ते मोजून ठरवायचं. दोन प्रश्न विचारायचे: किती वेळ बंद राहिलेलं चालेल, आणि किती वेळाचं काम हरवलेलं चालेल. पुस्तकात यांना आरटीओ आणि आरपीओ म्हणतात. समजा लॅबमध्ये दिवसाला ६० पेशंट येतात, बॅकअप रात्री ९ ला होतो आणि हार्ड डिस्क दुपारी ४ ला गेली. तोपर्यंत समजा ४५ पेशंटच्या नोंदी झाल्यात, त्या बॅकअपमध्ये नाहीत. पण मावशीकडे कागदी रजिस्टर असेल आणि मशिनच्या मेमरीत आजचे आकडे असतील तर त्या ४५ नोंदी तास-दोन तासात परत भरता येतील. म्हणजे रोज एकदा बॅकअप पुरतो. रजिस्टर बंद केलं असेल तर पुरत नाही, मग दुपारी पण एक घ्यावा लागेल. आणि एक दिवस लेटरहेडवर हाताने रिपोर्ट लिहून देता येत असतील तर जादा सर्व्हर उभा करून ठेवायची काहीच गरज नाही, ते पैसे मावशीने बारकोड प्रिंटरला घालावेत.

बॅकअप कुठे ठेवायचा तर तुझी मावशी परळला आहे हे मी वाचलं तेव्हा मला आधी तिथल्या हिंदमाताला पावसाळ्यात तुंबणारं पाणीच आठवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या दिवशी मुंबईत तळमजल्यावरची किती कपाटं पाण्यात गेली असतील. लॅब तळमजल्यावर असेल आणि बॅकअपचा ड्राइव्ह टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात असेल तर कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच पाण्यात जाणार. म्हणून म्हणतात तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत तरी दुसऱ्या जागी, मावशीच्या घरी चौथ्या मजल्यावर असली तरी चालेल.

आणि ड्राइव्ह कायम कॉम्प्युटरला लावलेला नको. रॅन्समवेअर शिरलं की ते खंडणीसाठी सगळ्या फाइलींना स्वतःचं कुलूप लावतं आणि लावलेल्या ड्राइव्हलाही सोडत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये असा हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे ओपीडी, अ‍ॅडमिशन, बिलिंग हाताने चालवावं लागलं. इथे तुझा चौथा शब्द बघ, एन्क्रिप्शन. मावशीची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर रॅन्समवेअर थांबलं असतं का? नाही, कारण कॉम्प्युटर चालू करून लॉगिन केलं की फाइली उघड्याच असतात, तुम्हाला दिसतात तशा त्यालाही दिसतात. डिस्कचं एन्क्रिप्शन कामाला येतं ते बंद लॅपटॉप चोरीला गेला तर. लोकलमध्ये राहून गेलेली बॅग, हा त्याचा 'का'.

त्याची उलट बाजू पण लिही. विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं BitLocker लावलं की ४८ आकडी 'रिकव्हरी की' म्हणजे राखीव चावी मिळते. मदरबोर्ड बिघडला, बदलला, आणि ती की कोणी जपून ठेवलेली नाही, तर चोराला नाही मिळणार हे खरं पण मावशीलाही नाही मिळणार. कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटीसाठी लावलेल्या कंट्रोलने अ‍ॅव्हेलेबिलिटी खाल्ली. म्हणून ती रिकव्हरी की कागदावर छापून घरच्या कपाटात, हा त्या कंट्रोलचा दुसरा अर्धा भाग. शेजारच्या काकूंकडची चावी, तसंच.

अजून एक, हे मी स्वतः भोगलंय. पूर्वी एका ऑफिसात मी सिस्टिम बघायचे, रोज रात्री बॅकअप व्हायचा आणि सकाळी मी हिरवी टिक बघून निवांत व्हायचे. एक दिवस डिस्क गेली आणि बॅकअप उघडला तर शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. मधे सॉफ्टवेअर अपडेट करताना डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअप इमानेइतबारे जुन्याच फोल्डरचा होत राहिला. टिक खोटी नव्हती, कॉपी खरंच होत होती, फक्त नको त्या गोष्टीची. आठ महिन्यांच्या पावत्या आम्ही चौघांनी बसून कागदांवरून परत भरल्या, तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी परत आणून बघितल्याशिवाय कुठल्याच बॅकअपला बॅकअप म्हणत नाही.

आता तुझ्या चार शब्दांपुढचे चार 'का' असे लिही, तुझ्या शब्दांत. पासवर्ड: प्रत्येकाचा वेगळा, कारण रिपोर्ट कोणी बदलला ते कळायला हवं, आणि बाहेरच्याने रिपोर्ट उघडू नये. त्यासोबत हेही लिही की ग्लोव्हज घातलेल्या टेक्निशियनला दर दोन मिनिटांनी लॉक होणारी स्क्रीन दिलीस तर तो पासवर्ड परत मॉनिटरखाली चिकटवणार, म्हणून आतल्या खोलीत लॉकचा वेळ जास्त आणि काउंटरवर कमी. एन्क्रिप्शन: लॅपटॉप आणि बाहेर नेल्या जाणाऱ्या बॅकअप ड्राइव्हसाठी, चोरीमुळे रिपोर्ट फुटू नये म्हणून. अँटीव्हायरस: ओळखीचं मालवेअर अडवायला, मुख्यतः अ‍ॅव्हेलेबिलिटीसाठी, आणि नवीन आलेलं तो कदाचित ओळखणार नाही म्हणूनच सुटा ठेवलेला बॅकअप.

फायरवॉलचं मात्र आधी जाऊन बघ. बऱ्याच लॅबमध्ये मशिनला जोडलेला कॉम्प्युटर जुन्या विंडोजचा असतो, मशिनचं सॉफ्टवेअर नवीनवर चालत नाही म्हणून तो अपडेट करता येत नाही. तसा असेल तर त्याला इंटरनेटच देऊ नये, तो फक्त रिपोर्टच्या कॉम्प्युटरशी बोलेल एवढंच फायरवॉलने उघडं ठेवावं, कारण तो बिघडला तर आकडे पण चुकतील आणि लॅबपण थांबेल. पेशंटना बाकावर बसून वापरायला वायफाय दिलं असेल तर तेही या नेटवर्कपासून वेगळं हवं.

सोमवारच्या आत एकदा परळला जा. मावशीला सांग की मागच्या आठवड्यातला एक रिपोर्ट बॅकअपमधून परत आणून दाखव, घड्याळ लाव, किती मिनिटं लागली तो आकडा असाइनमेंटमध्ये लिही, आणि ड्राइव्ह कुठल्या खणात आहे तेही बघून ये.